व्हिडिओची तारीख नको, वय पाहा

समजा, पाककृतींच्या एका मराठी चॅनेलवर जुलैमध्ये दोन व्हिडिओ आले. अळूवडीचा १ तारखेला आणि भाजणीच्या थालीपिठाचा २० तारखेला. ३१ जुलैच्या संध्याकाळी आकडे पाहिले, तर अळूवडीला २४ हजार व्ह्यूज आणि थालीपिठाला १५ हजार. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण असा प्रसंग जवळजवळ प्रत्येक चॅनेलवर दर महिन्याला येतो. आकडे पाहणारा म्हणतो, लोकांना अळूवडी जास्त आवडली, पुढच्या महिन्यात पातवडी करू. निर्णय होऊन जातो.

पण त्या संध्याकाळी अळूवडीचा व्हिडिओ ३० दिवसांचा होता आणि थालीपिठाचा ११ दिवसांचा. अंगणवाडीत बाळाचे वजन वयाच्या तक्त्यावर मांडतात. दोन वर्षांच्या मुलाशेजारी सहा महिन्यांचे बाळ ठेवून ते अशक्त आहे असे कुणी म्हणत नाही. इथेही तेच करायचे. अळूवडीचा व्हिडिओ ११ दिवसांचा असताना, म्हणजे १२ जुलैच्या संध्याकाळी, त्याला किती व्ह्यूज होते? समजा साडेदहा हजार. मग थालीपीठ मागे नाही, चांगलेच पुढे आहे.

महिन्याचा हिशेब सर्वात मोठा अन्याय करतो तो महिनाअखेरीस आलेल्या व्हिडिओवर. २८ जुलैला टाकलेल्या व्हिडिओला जुलैच्या तक्त्यात जेमतेम चार दिवस मिळतात, म्हणून तो तिथे तळाशी दिसतो. ऑगस्टच्या तक्त्यात त्याचे सुरुवातीचे, बहुतेकदा सर्वात भरघोस दिवस मोजलेच जात नाहीत, म्हणून तिथेही तो किरकोळ वाटतो. व्हिडिओ उत्तम असला तरी दोन्ही महिन्यांत त्याची नोंद वाईट. स्टुडिओत सहसा समोर येणारा ‘मागील २८ दिवस’ हा तक्ताही याच जातीचा. चॅनेल एकूण कसे चालले आहे हे त्यावरून कळते, पण दोन व्हिडिओंची तुलना त्यावर करू नये.

यूट्यूबला हे ठाऊक आहे. स्टुडिओच्या पहिल्या पानावर नव्या व्हिडिओला ‘१० पैकी ३’ असा क्रमांक मिळतो, तो याच रीतीने. तुमचे अलीकडचे दहा व्हिडिओ प्रकाशनानंतर तितकेच तास झाले असताना कुठे होते, हे पाहून तो क्रमांक लावलेला असतो. मात्र हा क्रमांक ताज्या व्हिडिओपुरता आहे. जुन्या व्हिडिओंची नीट तुलना करायची, तर दिवसागणिक आकडे उतरवून स्वतःचा तक्ता करावा लागतो. प्रत्येक आकड्याच्या तारखेतून प्रकाशनाची तारीख वजा करायची. उत्तर आले ते त्या दिवशीचे वय. प्रकाशनाचा दिवस शून्य धरा किंवा एक, पण सगळ्या व्हिडिओंना एकच नियम लावा. आणि प्रकाशन म्हणजे व्हिडिओ सर्वांसाठी खुला झाला तो क्षण. आठवडाभर आधी चढवून खासगी ठेवला असेल, तर तो आठवडा वयात धरायचा नाही.

इथे भारतातल्या चॅनेलवाल्यांना हमखास फसवणारी एक गोष्ट आहे. यूट्यूबच्या दैनिक आकड्यांचा ‘दिवस’ आपल्या मध्यरात्री बदलत नाही. तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेनुसार बदलतो, म्हणजे भारतात उन्हाळी वेळापत्रकात दुपारी साडेबारा वाजता आणि हिवाळ्यात दीड वाजता. जुलैमध्ये सकाळी नऊला टाकलेल्या व्हिडिओचा पहिला ‘दिवस’ साडेतीन तासांत संपतो. दुपारी एकला टाकलेल्याला पहिल्या दिवसाचे साडेतेवीस तास मिळतात. मग कुणी दोघांचा पहिला दिवस शेजारी ठेवते आणि म्हणते, दुपारचीच वेळ चांगली. खरे तर त्या आकड्यातला बराचसा फरक घड्याळाचा असतो. म्हणून पहिल्या एक-दोन दिवसांची तुलना तासांवर करावी, आणि दैनिक तक्ता सातव्या दिवसापासून पुढे वापरावा. तोवर त्या काही तासांचे वजन बरेच कमी झालेले असते. शेवटचे दोन दिवसही तक्त्यातून वगळलेले बरे, कारण ताजे आकडे पक्के व्हायला वेळ लागतो.

तुलना कोणत्या वयाला करायची, हे व्हिडिओच्या स्वभावावर ठरते. निवडणूक निकालावरची चर्चा दोन-तीन दिवसांत बहुतेक सगळे व्ह्यूज गोळा करते, मग तिची रेषा आडवी होते. ‘अळूवडी कशी करावी’ हे मात्र लोक वर्षभर शोधत असतात. तो व्हिडिओ तिसऱ्या दिवशी मागे आणि नव्वदाव्या दिवशी पुढे असू शकतो. त्यामुळे एकाच वयावर निकाल देऊ नये. ७, २८ आणि ९० या तीन दिवशी पाहिले, तर कोण लवकर दमते आणि कोण हळूहळू चढत राहते ते दिसते.

वयाचा तक्ता केल्यावरही एक चूक वारंवार होते. दहा व्हिडिओंची वयानुसार सरासरी काढली. तिसाव्या दिवशी ती २० हजार आणि साठाव्या दिवशी १७ हजार. पण हे आकडे एकूण व्ह्यूजचे आहेत आणि एकूण बेरीज सहसा घटत नाही. मग रेषा खाली कशी आली? कारण साठ दिवसांचे वय दहापैकी सहाच व्हिडिओंनी गाठलेले आहे. उरलेले चार, जे अलीकडचे आणि जास्त चाललेले होते, ते त्या सरासरीत नाहीतच. एकूण व्ह्यूजची सरासरी वयाबरोबर उतरताना दिसली, की मधेच व्हिडिओ गळाले असे समजावे. साठ दिवसांपर्यंतची रेषा काढायची असेल, तर साठ दिवस पूर्ण केलेलेच व्हिडिओ सुरुवातीपासून शेवटपर्यंत ठेवावेत. प्रत्येक वयाशेजारी किती व्हिडिओ मोजले ते लिहिले, तर ही चूक लपत नाही.

समान वय घेतले म्हणून परिस्थिती समान होत नाही. तीन वर्षांपूर्वी चॅनेलचे सदस्य पाच हजार होते आणि आज पन्नास हजार आहेत, तर तेव्हाच्या आणि आजच्या व्हिडिओचा सातवा दिवस एका मापाचा नाही. म्हणून जवळच्या काळातले व्हिडिओच एकमेकांशी ताडावेत. मोजण्याची रीत बदलली असेल, तर तारीख पाहावीच लागते. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट चालू झाला किंवा पुन्हा चालला की त्याचा व्ह्यू धरला जातो. त्याआधी काही क्षण तरी पाहिला जावा लागे. त्या तारखेच्या अलीकडचे आणि पलीकडचे शॉर्ट्स समान वयाचे असले, तरी त्यांचे हे आकडे शेजारी ठेवता येत नाहीत.

सणांच्या पाककृतींना तर वेगळाच शून्य दिवस लागतो. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. दोन्ही वर्षी उकडीच्या मोदकांचा व्हिडिओ २० ऑगस्टला टाकला असेल, तर २०२५ चा व्हिडिओ सात दिवसांचा असताना घरोघरी मोदक होत होते. २०२४ चा तितक्याच वयाचा असताना चतुर्थीला अजून अकरा दिवस होते. तारीख तीच आणि वयही तेच, तरीही ही तुलना चुकीची. मोदकांसाठी दिवस चतुर्थीपासून मागे मोजावेत. चतुर्थीच्या दहा दिवस आधी, पाच दिवस आधी, आदल्या रात्री किती जणांनी व्हिडिओ उघडला, हे दोन्ही वर्षांचे आकडे शेजारी मांडावेत. व्हिडिओ चतुर्थीच्या किती दिवस आधी टाकला होता, तेही त्या तक्त्यात लिहावे. २०२६ मध्ये चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. ऑगस्टअखेरचे आकडे पडलेले दिसले, तर व्हिडिओला दोष देण्याआधी तेवढे दिवस मोजून घ्यावेत.