हातात चाळीस हजार, मग सीटीसी किती?

नोकरीच्या बोलणीत दोन माणसे दोन वेगळ्या आकड्यांबद्दल बोलत असतात. उमेदवार म्हणतो, "मला महिन्याला हातात चाळीस हजार पाहिजेत." कंपनी विचार करते ती सीटीसीचा, म्हणजे या माणसापायी महिन्याला एकूण किती पैसे बाहेर जाणार याचा. सीटीसीवरून हातातला पगार काढणे सोपे असते, कारण ती वजाबाकी आहे. उलट दिशेने जायचे, तर अडचण येते. बेसिक हे सीटीसीच्या अमुक टक्के, पीएफ बेसिकच्या तमुक टक्के, आणि सीटीसी तर अजून माहीतच नाही. मग टक्के काढायचे कशाचे?

शाळेतल्या बीजगणिताने हे सुटते. माहीत नसलेल्या सीटीसीला 'क्ष' म्हणायचे आणि प्रत्येक घटक क्षच्या भाषेत लिहायचा. त्याआधी पगाराच्या घटकांची दोन गटांत विभागणी करावी लागते: कर्मचाऱ्याच्या हातात न पडणारे आणि फक्त आत वाटणी करणारे.

घरभाडे भत्ता, स्पेशल अलाउन्स, प्रवास भत्ता हे सगळे दुसऱ्या गटातले. घरभाडे भत्ता बेसिकच्या ४० टक्के असो की ५०, ती सगळी रक्कम शेवटी बँकेत जमाच होते. तो वाढला, तर तेवढा स्पेशल अलाउन्स कमी होतो. म्हणून उलटा हिशोब करताना या टक्क्यांना हात लावायची गरज नसते. पगाररचनेचा कागद कितीही लांबलचक असला, तरी लक्ष ठेवायचे ते पहिल्या गटावर: कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटीची तरतूद, कर्मचाऱ्याचा पीएफ, व्यवसाय कर, आणि लागू असेल तर ईएसआयसी व आयकर.

पुण्यातल्या एका कंपनीची रचना अशी आहे असे धरू. बेसिक सीटीसीच्या ५० टक्के. घरभाडे भत्ता बेसिकच्या ४० टक्के. उरलेला सगळा स्पेशल अलाउन्स. कंपनीचा पीएफ बेसिकच्या १२ टक्के आणि ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, हे दोन्ही सीटीसीच्या आत. ग्रॅच्युइटीचा हा विचित्र वाटणारा टक्का कायद्यातल्या सूत्रातून येतो. एका वर्षाच्या नोकरीसाठी १५ दिवसांचा पगार आणि महिना २६ दिवसांचा, म्हणून १५ भागिले २६, आणि ते बारा महिन्यांत वाटले की ४.८१ टक्के.

आता क्ष म्हणजे महिन्याची सीटीसी. बेसिक क्षच्या निम्मे, म्हणून बेसिकवरचा प्रत्येक टक्का क्षवर निम्मा होतो. कंपनीचा पीएफ क्षच्या ६ टक्के, ग्रॅच्युइटी २.४०५ टक्के, कर्मचाऱ्याचा पीएफ पुन्हा ६ टक्के. बेरीज १४.४०५ टक्के. म्हणजे क्षमधले ८५.५९५ टक्के उरतात, आणि त्यातून महाराष्ट्रातला व्यवसाय कर, दरमहा २०० रुपये, जातो. समीकरण असे:

```
40000 = 0.85595 × क्ष − 200
क्ष = (40000 + 200) ÷ 0.85595 = 46,965
```

उत्तर बरोबर आहे का, हे सुलट हिशोब करून पाहावे. ४६,९६५ची सीटीसी धरली, तर बेसिक २३,४८३. पीएफ दोन्ही बाजूंनी २,८१८. ग्रॅच्युइटी १,१३०. सीटीसीतून कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी वजा केली की ग्रॉस उरतो ४३,०१७. त्यातून कर्मचाऱ्याचा पीएफ आणि व्यवसाय कर गेला की हातात ३९,९९९. हा एक रुपया पूर्णांकांमुळे हरवला. सीटीसी ४६,९६६ केली की चाळीस हजार बरोबर येतात. घरभाडे भत्ता ९,३९३ आणि उरलेले १०,१४२ स्पेशल अलाउन्सचे. फेब्रुवारीत मात्र व्यवसाय कर ३०० रुपये असतो, म्हणून त्या महिन्यात हातात शंभर रुपये कमी पडतील.

यातून नियम असा निघतो: जी वजावट ठरावीक रुपयांत आहे, ती हातातल्या पगारात मिळवायची, आणि जी टक्क्यांत आहे, ती एकातून वजा करून त्या संख्येने भागायचे. भागायचे, गुणायचे नाही. चुका इथेच सर्वाधिक होतात. १४.४०५ टक्के जातात म्हणून कुणी ४०,२०० मध्ये १४.४०५ टक्के मिळवले, तर येतात ४५,९९१. ही सीटीसी हजार रुपयांच्या आसपास कमी पडते, कारण टक्के सीटीसीचे आहेत, हातातल्या पगाराचे नाहीत. हाच नियम कंपनीच्या आरोग्यविम्याला लावून पाहा. महिन्याचा ५०० रुपयांचा हप्ता सीटीसीत धरला, तर सीटीसी ५०० नव्हे, ५८४ रुपयांनी वाढवावी लागते. सीटीसी वाढली की बेसिक वाढते, आणि बेसिकमागे पीएफ व ग्रॅच्युइटीही वाढतात.

दुसरी चूक कागद वाचण्यात होते. 'बेसिक ५० टक्के' असे लिहिलेले असते, पण कशाच्या ते लिहिलेले नसते. काही कंपन्या बेसिक सीटीसीच्या टक्क्यांत ठरवतात, काही ग्रॉसच्या. ग्रॉसच्या निम्मे असेल, तर आधी ग्रॉस काढावा लागतो. ग्रॉसमधून फक्त कर्मचाऱ्याचा ६ टक्के पीएफ आणि २०० रुपये जातात, म्हणून ग्रॉस ४०,२०० भागिले ०.९४, म्हणजे ४२,७६६. त्यावर कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून ८.४०५ टक्के मिळवले की सीटीसी ४६,३६०. टक्के तेच, हातातला पगार तोच, आणि फरक सहाशे रुपयांचा.

मोठा फरक पडतो पीएफच्या मर्यादेमुळे. पीएफसाठी वेतनाची कायदेशीर मर्यादा २०१४ पासून दरमहा १५,००० रुपये आहे. बेसिक त्याहून जास्त असले, तरी बऱ्याच कंपन्या १५,००० च्या १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपयेच भरतात. अशा वेळी पीएफ टक्क्यांच्या गटातून निघून ठरावीक रुपयांच्या गटात जातो. दोन्ही बाजूंचे मिळून ३,६०० आणि व्यवसाय कराचे २००, असे ३,८०० रुपये चाळीस हजारांत मिळवायचे. टक्क्यांत फक्त ग्रॅच्युइटीचे २.४०५ उरतात. ४३,८०० भागिले ०.९७५९५, उत्तर ४४,८७९. पूर्ण बेसिकवर पीएफ भरणाऱ्या कंपनीपेक्षा सीटीसी २,०८६ रुपयांनी कमी, आणि हातात पडणारे पैसे तेवढेच. उमेदवाराने दोन ऑफर पडताळताना नुसत्या सीटीसीकडे पाहू नये, ते यामुळेच. पहिल्या कंपनीत पीएफपोटी दरमहा ५,६३६ रुपये भरले जातात, दुसरीत ३,६००.

इथे एक काळजी घ्यावी लागते. १,८०० हा आकडा आपण गृहीत धरला, तो खरा ठरला का, हे उत्तर आल्यावर तपासायचे. ४४,८७९ च्या निम्मे २२,४४० म्हणजे १५,००० हून जास्त, त्यामुळे गृहीतक टिकले. पण हातात २२,००० मागणारा उमेदवार घ्या. १,८०० धरून सीटीसी येते २६,४३६ आणि बेसिक १३,२१८, मर्यादेच्या खाली. मग बेसिकच्या १२ टक्क्यांनी पुन्हा हिशोब करायचा का? इथे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या निकालाची आठवण ठेवावी लागते. सगळ्यांना सरसकट मिळणारे भत्ते पीएफसाठी वेतनात धरायचे, असे त्या निकालाने सांगितले. या उमेदवाराच्या २४,००० च्या ग्रॉसमधून घरभाडे भत्त्याचे ५,२८७ काढले, तरी बेसिक आणि स्पेशल अलाउन्स मिळून १८,७१३ होतात. म्हणजे मर्यादा ओलांडली जाते आणि १,८०० हाच आकडा बरोबर ठरतो. बेसिक मुद्दाम लहान ठेवून पीएफ वाचवायची जुनी युक्ती इथे चालत नाही.

असेच तपासणे व्यवसाय करालाही लागते. महाराष्ट्रात २०२३ पासून महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना हा कर नाही. तीच २२,००० ची मागणी एखाद्या स्त्री उमेदवाराची असेल, तर ग्रॉस पंचवीस हजारांच्या आत राहतो, २०० रुपये मिळवावे लागत नाहीत आणि सीटीसी २६,२३१ इतकीच येते.

ईएसआयसीच्या मर्यादेपाशी हिशोब आणखी चमत्कारिक होतो. २१,००० रुपयांपर्यंतच्या वेतनावर कर्मचाऱ्याचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के जातात. वेतन बरोबर २१,००० असेल, तर कर्मचाऱ्याचे १५७ रुपये ५० पैसे कापले जातात, आणि नव्याने लागणाऱ्याचे वेतन एक रुपयाने जास्त ठेवले, तर कपात शून्य. म्हणजे त्या ठिकाणी हातातला पगार एकदम दीडशे रुपयांहून जास्त उडी मारतो. मधल्या रकमा कोणत्याच सीटीसीतून निघू शकत नाहीत. समीकरण सोडवून पाहिले तर खूण लगेच दिसते: ईएसआयसी धरून वेतन २१,००० च्या वर निघते, आणि न धरता खाली. अशा वेळी हिशोब चुकलेला नसतो, मागितलेला आकडाच शक्य नसतो. उमेदवाराशी शे-दोनशे इकडेतिकडे बोलूनच मार्ग निघतो.

आयकर लागला, की साधे समीकरण पुरत नाही. २०२५-२६ या वर्षात नव्या करप्रणालीत १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या वार्षिक पगारावर कर लागत नाही, म्हणून वरच्या उदाहरणांत तो आलाच नाही. त्यापुढच्या पगारात कर टप्प्याटप्प्याने वाढतो. तेव्हा आधी कर न धरता सीटीसी काढावी, वर्षभराचा सुलट हिशोब करून हातात किती कमी पडते ते पाहावे, तेवढ्याने सीटीसी वाढवावी आणि पुन्हा तपासावे. काही फेऱ्यांत आकडा स्थिरावतो.

म्हणून हिशोबाला बसण्याआधी कंपनीकडून चार गोष्टी विचारून घ्याव्यात. बेसिकचे टक्के सीटीसीचे की ग्रॉसचे? पीएफ पूर्ण बेसिकवर की १,८०० रुपये? ग्रॅच्युइटी, विमा आणि पीएफचे प्रशासकीय शुल्क सीटीसीच्या आत की बाहेर? आणि 'हातात' म्हणजे आयकर कापण्याआधीचे की नंतरचे? ही उत्तरे मिळाली की उरलेले काम एका बेरजेचे आणि एका भागाकाराचे असते, आणि आलेल्या आकड्यावरून पूर्ण पगारपत्रक मांडून शेवटची ओळ चाळीस हजारांवर येते का, हे पाहिल्याशिवाय ऑफर लेटरवर सीटीसी लिहू नये.