ट्रेडमिलखालच्या चार ओळी

ऑनलाइन ट्रेडमिल शोधायला बसलं की प्रत्येक मॉडेलखाली त्याच चार गोष्टी दिसतात: वजनमर्यादा, जोडणी, जागा आणि आवाज. समजा, पुण्यातल्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या कुणाला ट्रेडमिल घ्यायची आहे. वजन ९२ किलो, उंची पाच फूट दहा इंच, बेडरूम दहा बाय अकरा फुटांची. मॉडेलखाली लिहिलंय: वजनमर्यादा ११० किलो, मोटर २ एचपी (पीक ४ एचपी), लांबी १६५ आणि रुंदी ७२ सेंटीमीटर, आवाज ६५ डेसिबलपेक्षा कमी. सगळं बसतंय असं वाटतं. पण त्यावर माणूस पळायला लागला की काय होईल, हे या आकड्यांतून फारसं कळत नाही.

वजनाचंच बघा. माणूस चालतो तेव्हा प्रत्येक पावलाला त्याच्या वजनापेक्षा थोडाच जास्त भार खाली पडतो. पळताना तो दोन-अडीच पट होतो. सांगाडा सहसा तेवढा सोसतो. दम निघतो तो मोटरचा. पाऊल पडलं की पट्टा खालच्या फळीवर दाबला जातो, घर्षण वाढतं आणि तो ओढायला मोटरला जास्त करंट लागतो. गंमत अशी, की जड माणसाचं संथ चालणं मोटरला पळण्याइतकंच जड जाऊ शकतं. वेग कमी असला की मोटरच्या दांड्यावरचा पंखाही हळू फिरतो, मग ती गार राहत नाही. पावलागणिक पट्टा क्षणभर अडखळला किंवा पुढच्या झाकणापाशी करपल्यासारखा वास आला, की समजावं. अशा वेळी आधी पट्ट्याखाली सिलिकॉन ऑइल घालून बघावं, कारण कोरड्या पट्ट्यामुळेही हेच होतं. 'पीक' एचपी ही क्षणभराची ताकद असते. बघायचा तो सलग चालणारा आकडा. ९२ किलोच्या माणसाला नुसतं चालायचं असेल तर ११० ची मर्यादा चालेल. रोज पळायचं असेल तर मी १३० च्या खाली जाणार नाही.

जागेच्या ओळीत मशीनचं माप असतं. माणूस तोल जाऊन मागे फेकला गेला तर काय, याचं माप तिथे नसतं. मॅन्युअलमध्ये मात्र साधारणपणे मागे दोन मीटर आणि दोन्ही बाजूंना अर्धा मीटर मोकळं ठेवायला सांगितलेलं असतं. आता हिशेब करा: १६५ अधिक २०० म्हणजे ३६५ सेंटीमीटर, बारा फूट. खोलीची लांब बाजू अकरा फुटांची, त्यातही पलंग. पाठ भिंतीकडे करून मशीन ठेवलं, तर पडलेला माणूस भिंत आणि फिरता पट्टा यांच्यात अडकतो. म्हणजे हॉलच बरा. घडी घातल्यावरचं माप मशीन उभं करून ठेवण्यापुरतंच. आणि वर बघायलाही विसरू नका. पट्टा जमिनीपासून १५-२० सेंटीमीटर उंच असतो, चढ दिला की आणखी वर जातो आणि पळताना माणूस उसळतो. डोक्यावर पंखा नको.

'सोपी जोडणी' हे बहुतेक वेळा खरं असतं. पट्टा, मोटर आधीच बसवलेली असते. दोन खांब आणि वरचा डिस्प्ले लावायचा, ॲलन की सोबत येते. चूक होते ती खांबातून जाणाऱ्या वायरीत: ती चिमटली की डिस्प्ले चालू होत नाही आणि सगळं पुन्हा उघडावं लागतं. म्हणून सगळे बोल्ट आधी अर्धे फिरवावेत, वायर मोकळी आहे हे पाहून मग आवळावेत. खरी अडचण बहुतेकदा त्याआधीच येते. जवळजवळ माणसाएवढ्या लांबीचं, पन्नास-साठ किलोचं खोकं सोसायटीच्या लिफ्टमध्ये मावत नाही आणि डिलिव्हरीवाले ते गेटपाशी ठेवून जातात. खोक्याचं माप आधी विचारावं.

सगळ्यात फसवी ओळ आवाजाची. ६५ डेसिबल हा आकडा बहुधा वर कुणी नसताना, मोटर आणि पट्ट्याच्या घरघरीचा असतो. ती घरघर हवेतून येते आणि दार लावलं की कमी होते. खालच्या मजल्यावर जातो तो पावलांचा दणका. तो मशीनच्या पायांतून थेट स्लॅबमध्ये उतरतो आणि खालच्यांच्या छतातून 'धप धप' असा बाहेर पडतो. तो कुठल्याच डेसिबलच्या ओळीत नसतो. पातळ योगा मॅट त्यापुढे टिकत नाही, कारण सगळा भार मोजक्या पायांवर येतो आणि ती तिथे पार चेपते. जाड, दाट रबर थोडा फरक पाडतं. जागेनेही फरक पडतो: स्लॅबच्या मधोमध जास्त कंप होतो, बीमजवळ कमी. पण मशीन बीमकडे सरकवताना मागचे दोन मीटर सोडायचेच. मग घरातल्या कुणालातरी पळायला लावावं, खाली जाऊन शेजाऱ्यांच्या बेडरूममध्ये उभं राहून ऐकावं आणि पहाटे साडेपाचला पळायचं की नुसतं चालायचं, ते त्यांच्यासमोरच ठरवावं.