पाकिटावरचं चित्र आणि सुटी सिगारेट

भारतात तंबाखूच्या पाकिटांवर चित्रं आली ती ३१ मे २००९ पासून. चघळण्याच्या तंबाखूच्या पुडीवर तेव्हा विंचवाचं चित्र छापलं जायचं. विंचवाचा आणि तोंडाच्या कर्करोगाचा काय संबंध, हे पुडी फोडणाऱ्याला कळायला काहीच मार्ग नव्हता. शिवाय इशाऱ्याला जागा मिळाली होती फक्त दर्शनी बाजूची, आणि तीही जेमतेम ४० टक्के.

१ एप्रिल २०१६ पासून पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग इशाऱ्यासाठी राखला गेला. विंचू तोपर्यंत गेला होता आणि त्याच्या जागी कर्करोगाने पोखरलेल्या तोंडाची, गळ्याची खरीखुरी छायाचित्रं आली होती. फरक पडला का? प्रौढांच्या तंबाखूसेवनाचं देशव्यापी सर्वेक्षण दोनदा झालं आहे. पाकिटावरच्या इशाऱ्यामुळे सोडण्याचा विचार मनात आला, असं २००९-१० मध्ये सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ३८ टक्के लोक म्हणाले होते. २०१६-१७ मध्ये हा आकडा जवळपास ६२ टक्क्यांवर गेला.

पण विचार येणं वेगळं आणि सिगारेट सुटणं वेगळं. याच काळात देशातलं एकूण तंबाखूसेवन ३४.६ टक्क्यांवरून २८.६ टक्क्यांवर आलं हे खरं असलं, तरी त्याचं श्रेय एकट्या चित्रांना देता येत नाही. मधल्या वर्षांत गुटख्यावर बंदी आली, करही वाढले. चित्राचा वाटा किती, हे कळायचं तर बाकी सगळं सारखं ठेवून फक्त पाकीट बदलून पाहायला हवं.

अमेरिकेत नेमकं तेच केलं गेलं. तिथल्या पाकिटांवर तेव्हा चित्रं नव्हती, कडेला छोट्या अक्षरांतला इशारा तेवढा असे. त्यामुळे तुलना करणं सोपं होतं. नोएल ब्रूअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नॉर्थ कॅरोलिना आणि कॅलिफोर्नियातले सिगारेट ओढणारे २,१४९ प्रौढ निवडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत वाटणी केली. दर आठवड्याला माणसं आपापली पाकिटं घेऊन यायची. एका गटाच्या पाकिटांवर पुढून-मागून चित्रं चिकटवली जात, तर दुसऱ्या गटाच्या पाकिटांवर कडेला नुसती अक्षरं. हे चार आठवडे चाललं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे: किमान एक दिवस तरी सिगारेट सोडून पाहणारे अक्षरांच्या गटात ३४ टक्के निघाले, चित्रांच्या गटात ४०. अखेरीस किमान आठवडाभर सिगारेटला न शिवलेले अनुक्रमे ३.८ आणि ५.७ टक्के.

म्हणजे शंभरात दोघे जास्त. आकडा लहान वाटतो, पण कोट्यवधी माणसं सिगारेट ओढतात तिथे हे दोघे फार मोलाचे आहेत. त्याहून लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे, सिगारेटने आपल्याला आजार होईल याबद्दलचा लोकांचा अंदाज चित्रांमुळे फारसा बदललाच नाही. धोका त्यांना आधीच ठाऊक होता. चित्राने अंगावर काटा आणला, पुन्हा पुन्हा विचार करायला लावलं आणि घरात, मित्रांत तो विषय काढायला लावलं.

हा परिणाम टिकतो का, हा पुढचा प्रश्न. सॅन दिएगोत ३५७ जणांपैकी काहींना तीन महिने चित्रांची पाकिटं देऊन पाहिलं गेलं. सिगारेटबद्दलचं त्यांचं आकर्षण कमी झालं, पण ओढणं काही कमी झालं नाही. चित्र धक्का देतं, सोडायचा पहिला प्रयत्न घडवतं. पुढे तलफ दाबून ठेवायला दुसरा आधार लागतो. भारतात सप्टेंबर २०१८ पासून पाकिटावर १८००-११-२३५६ हा मदतीचा फोन क्रमांक छापला जातो, तो याच अडचणीवरचा उपाय आहे. माझ्या मते त्या चौकोनातली सर्वांत कामाची ओळ तीच.

या प्रयोगांमध्ये एक गोष्ट गृहीत धरलेली होती, ती म्हणजे पाकीट ओढणाऱ्याच्या खिशात असतं. आपल्याकडच्या पानटपरीवर गिऱ्हाईक ‘एक दे’ म्हणतं. टपरीवाला पाकिटातून एक सिगारेट काढून देतो आणि पाकीट पुन्हा फळीवर जातं. चित्र, इशारा, फोन क्रमांक, सगळं टपरीवाल्याकडेच राहतं. म्हणूनच महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकायला बंदी घातली. पण इतक्या टपऱ्यांवर रोज नजर ठेवणार कोण?

कॅनडाने वेगळी वाट धरली. २००१ मध्ये पाकिटावर मोठी चित्रं आणणाऱ्या या देशाने २०२३ मध्ये आणखी एक नियम केला: इशारा प्रत्येक सिगारेटवर, फिल्टरवरच्या कागदावर छापायचा. मग मित्राकडून एकच मागून घेतली, तरी शब्द डोळ्यांसमोर येतात. सिगारेटसाठी हे आपल्याकडेही करता येईल. विडीचं मात्र अडतं. ती तेंदूच्या पानात वळून दोऱ्याने बांधलेली असते, छापायला तिच्यावर कागदच नसतो.