एका दमात वळणारं अक्षर

निऑनच्या पाटीवर मोठा इंग्रजी ‘ई’ काढायचा आहे. कागदावर उभी दांडी आणि तीन आडव्या रेघा काढल्या की झालं. काचेत मात्र असं जमत नाही. वीज नळीच्या एका टोकाच्या इलेक्ट्रोडपासून दुसऱ्या टोकापर्यंत वायूतून जाते. मध्येच फांदी फोडली, तर तिच्यात प्रवाह शिरत नाही आणि ती अंधारीच राहते.

म्हणून कारागीर वरच्या रेघेच्या उजव्या टोकापासून निघतो, दांडीवरून अर्ध्यावर उतरतो, मधली रेघ काढतो, तिच्याच मागून नळी परत आणतो आणि खाली जातो. परतीच्या नळीवर काळा रंग चढतो.

प्रत्येक वळणाला काच ज्योतीत मऊ करावी लागते. ती काही सेकंदांतच कडक होते. वळणावर नळी चेपू नये म्हणून कारागीर रबरी नळीतून हलकी फुंकर घालतो. कोपरा फार टोकदार केला, तर बाहेरची काच ताणून पातळ होते आणि पुढे तडकते.

म्हणूनच निऑनला गोलाई आणि जोडाक्षरी वळण मानवतं: तिथे अक्षरांमधला दुवाही उजळतो, लपवावा लागत नाही.