नोकरी सांभाळून मोडी शिकायची असेल, तर पाच वर्षांचा आराखडा कसा आखाल?

घरच्या जुन्या पेटीत मोडीतले कागद सापडले, ते वाचावेसे वाटले आणि अक्षरांचा तक्ता आणला. बहुतेकांची सुरुवात अशी होते. तक्ता दोन-तीन महिन्यांत पाठ होतो, पण कागद काही वाचता येत नाही. कारण अक्षरओळख हा कामाचा सर्वांत छोटा भाग असतो.

आधी वेळ मोजा. आठवड्याला चार तास आणि वर्षात ४५ आठवडे धरले, तर वर्षाला १८० तास मिळतात, म्हणजे पाच वर्षांत ९००. आता शेवटापासून मागे या. समजा, पाचव्या वर्षी पेशवेकालीन पत्रांचा एक लहान संच स्वतः वाचून बाळबोधीत उतरवायचा आहे. त्यासाठी चौथ्या वर्षी वेगवेगळ्या हातांची पत्रे वाचायला हवीत, तिसऱ्या वर्षी कालगणना आणि फारसी शब्द, तर दुसऱ्या वर्षी सलग मजकूर तोडण्याचा सराव. पहिल्या वर्षी अक्षरे आणि विसाव्या शतकातले सोपे कागद पुरेत.

दुसरे वर्ष अवघड जाते. मोडीत आधी ओळभर रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे लिहीत, त्यामुळे दोन शब्दांत जागा नसते. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही नसतो. ‘दिन’ की ‘दीन’, हे संदर्भावरूनच ठरते.

तिसऱ्या वर्षाची गरज एका तारखेवरून कळेल. पत्रात ‘छ २ रजब, इहिदे सबैन मया व अलफ’ असे आहे. ‘छ’ म्हणजे चंद्र, म्हणजेच हिजरी महिन्याची तारीख. पुढचे शब्द अरबी आकडे आहेत: एक, सत्तर, शंभर, हजार. म्हणजे सुहूर सन ११७१. हे वर्ष मृगापासून सुरू होते. म्हणून तारीख मृग ते डिसेंबर या काळातली असेल तर ५९९ आणि जानेवारीनंतरची असेल तर ६०० मिळवायचे. त्या वर्षी रजब कधी होता, हे जंत्रीत पाहायचे. तो ऑक्टोबरात येतो, म्हणून साल १७७०. अक्षरे बिनचूक वाचूनही हे माहीत नसेल, तर पत्राचा काळ कळत नाही.

आराखडा फसतो तो एकाच ठिकाणी. तीच पाने पुन्हा वाचून प्रगती झाल्यासारखी वाटते, पण तो मजकूर पाठ झालेला असतो. म्हणून दर तीन महिन्यांनी, ज्याचे बाळबोध लिप्यंतर छापलेले आहे, असे न पाहिलेले पान घ्या. आधी स्वतः उतरवा, मग ताडून पाहा. दहा शब्दांत एकापेक्षा जास्त चुका असतील, तर पुढच्या वर्षाचा टप्पा लांबवा. चुका कुठे होतात तेही टिपा: अक्षरांत असतील तर सराव कमी पडतोय आणि शब्द तोडण्यात असतील तर त्या काळाची भाषा.

शिवकालीन कागद या आराखड्यात मुद्दाम घेतलेले नाहीत. त्यांचे वळण आणि शब्दसंग्रह वेगळा आहे. तो सहाव्या वर्षाचा विषय.