वॉर्डाची लोकसंख्या मागताना

भूगोलाच्या दुसऱ्या वर्षाला असलेली पुण्यातली एक विद्यार्थिनी घेऊ. तिचा प्रकल्प आहे प्रभागनिहाय लोकसंख्या आणि महापालिकेचे दवाखाने. ती पत्रात लिहिते, ‘कृपया सर्व वॉर्डांची लोकसंख्या द्यावी.’ पत्र सभ्य आहे, पण ते हातात आल्यावर लिपिकाला पहिला प्रश्न पडतो, की कुठले वॉर्ड?

पुण्यात 2007 ची महापालिका निवडणूक 144 वॉर्डांत झाली आणि प्रत्येक वॉर्डातून एक नगरसेवक निवडून आला. 2011 ची जनगणना होताना हेच वॉर्ड होते. 2012 मध्ये दोन सदस्यांचे 76 प्रभाग झाले. 2017 मध्ये बहुतेक चार सदस्यांचे 41 प्रभाग झाले. त्यामुळे जनगणनेतला वॉर्ड क्रमांक 12 आणि 2017 चा प्रभाग क्रमांक 12 यांचा क्रमांक तेवढा सारखा आहे, हद्द वेगळी. शहराची 2011 ची लोकसंख्या सुमारे 31 लाख 24 हजार होती. तिला 144 ने भागले की वॉर्डामागे सरासरी 21,700 माणसे येतात, 41 ने भागले की 76,000. आपल्या तक्त्यातले आकडे विशीच्या घरात असतील आणि दवाखान्यांची यादी मात्र 41 प्रभागांची असेल, तर दोन वेगळ्या नकाशांची मोट बांधली गेली आहे, हे तिथेच ओळखावे.

जुन्या वॉर्डांचे आकडे महापालिकेकडे मागायची गरजच नाही. जनगणना कार्यालयाच्या censusindia.gov.in या संकेतस्थळावर ते वॉर्डनिहाय मिळतात. एकूण माणसे, स्त्री-पुरुष, सहा वर्षांपर्यंतची मुले, साक्षर, अनुसूचित जाती-जमाती, काम करणारे, सगळे तिथे आहे. महापालिकेच्या निवडणूक विभागाकडे मागायची ती प्रभाग रचना. प्रत्येक प्रभाग जनगणनेतले छोटे छोटे प्रगणक गट एकत्र करून बनवतात. एका प्रगणकाने फिरून मोजलेला घरांचा भाग, म्हणजे एक गट. कुठला गट कुठल्या प्रभागात गेला, हे कळले की जुना आकडा नव्या हद्दीत बसवता येतो. माझ्या मते सगळ्या पत्राचा जीव या एका मागणीत आहे.

मग पत्र असे होईल:

प्रति,
मा. उपायुक्त, निवडणूक विभाग,
पुणे महानगरपालिका.

विषय: 2017 च्या प्रभाग रचनेची लोकसंख्याविषयक माहिती मिळणेबाबत.

महोदय,
मी द्वितीय वर्ष कला (भूगोल) वर्गात शिकते. ‘प्रभागनिहाय लोकसंख्या व महापालिकेचे दवाखाने’ या प्रकल्पासाठी 2017 च्या निवडणुकीच्या अंतिम प्रभाग रचनेनुसार पुढील माहिती हवी आहे: प्रत्येक प्रभागाची 2011 च्या जनगणनेनुसार एकूण लोकसंख्या, त्यात समाविष्ट प्रगणक गटांची यादी आणि हद्दीचा नकाशा. माहिती एक्सेल फाईलमध्ये मिळाल्यास सोयीचे होईल. कोणत्याही व्यक्तीची वा कुटुंबाची माहिती नको आहे. विभागप्रमुखांचे पत्र व ओळखपत्राची प्रत सोबत जोडली आहे.
आपली विश्वासू,

खाली सही, नाव, वर्ग, पत्ता आणि फोन. ‘व्यक्तीची माहिती नको’ हे वाक्य मुद्दाम घातले आहे. जनगणनेत घरोघरी भरलेले तपशील 1948 च्या जनगणना कायद्याने गोपनीय ठेवले आहेत आणि ‘जनगणना’ हा शब्द दिसताच तोच अडसर पुढे केला जाऊ शकतो. प्रभागाच्या एकूण बेरजेला तो लागू होत नाही.

पत्र आवक-जावक कक्षात द्यावे आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्यावा. ही पोच नसेल तर पुढच्या खेपेला बोलणे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. उत्तर आले नाही, तर हीच मागणी माहिती अधिकारात करता येते. त्यासाठी नमुना ‘अ’मधला अर्ज, दहा रुपये शुल्क, शक्यतो 150 शब्द आणि एकच विषय. माहिती तीस दिवसांत मिळायला हवी. मात्र कार्यालयाकडे असलेलीच माहिती मागता येते. ‘कोणत्या प्रभागात दवाखाने कमी आहेत?’ याचे विश्लेषण कोणी करून देणार नाही, ते काम प्रकल्पाचेच.

फाईल हाती आली की आधी 41 प्रभागांची बेरीज करावी. ती 31 लाखांच्या आसपास यायला हवी. फार जास्त आली, तर बहुधा नंतरची प्रभाग रचना हाती पडली आहे, कारण ऑक्टोबर 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे महापालिकेत आली. आकडा बराच कमी असेल तर मतदारसंख्या दिली गेली आहे का ते पाहावे, कारण मतदार यादीत अठरा वर्षांखालचे कोणी नसते. आणि तक्त्याच्या मथळ्यात ‘लोकसंख्या, 2011’ असे वर्षासह लिहावे. 2021 ची जनगणना झालीच नाही, म्हणून दवाखान्यांचे आकडे आजचे असले तरी माणसांचे आकडे त्या वर्षाचेच आहेत.