रक्तदाब चांगला, तरी हृदय अडचणीत

समजा, एका अठ्ठावन्न वर्षांच्या बाईंचा घोटा मोडून तीन आठवडे पाय प्लास्टरमध्ये आहे. एका सकाळी बाथरूमपर्यंत जाताना त्यांना एकदम दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. रुग्णालयात पोचतात तेव्हा नाडी ११८, ऑक्सिजन ९०, पण रक्तदाब ११२/७०. सिटी स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांच्या मोठ्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या दिसतात. त्या बहुधा पायाच्या शिरेत तयार होऊन वर सरकलेल्या. घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘मग लगेच विरघळवायचं इंजेक्शन का देत नाही?’

उत्तर हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यात आहे. फुप्फुसांकडे रक्त ढकलणाऱ्या या कप्प्याची भिंत पातळ असते, कारण पुढचा दाब एरवी फार कमी असतो. गुठळीने वाट अडवली की हा कप्पा फुगतो आणि मधला पडदा डावीकडे ढकलतो. मग डाव्या कप्प्यात रक्तच कमी पोचतं. तरीही शरीर नाडी वाढवून, रक्तवाहिन्या आवळून काही तास रक्तदाब टिकवून धरतं. म्हणून ११२ हा आकडा बघून निश्चिंत होता येत नाही.

बाईंच्या ईसीजीत छातीवरच्या पहिल्या चार लीडमध्ये टी लहरी उलट्या आहेत, म्हणजे उजव्या कप्प्यावर ताण आहे. पाठ्यपुस्तकातली प्रसिद्ध ‘एस-वन, क्यू-थ्री, टी-थ्री’ ही खूण मॅकगिन आणि व्हाइट यांनी १९३५ मध्ये नोंदवली, पण ती बऱ्याच रुग्णांत दिसतच नाही. नुसती वेगवान नाडी एवढाच बदल अनेकदा हाती लागतो. खरा धोका दुसराच आहे. उलट्या टी लहरी आणि वाढलेलं ट्रोपोनिन ही जोडी हार्ट अटॅकमध्येही दिसते. त्यामुळे रुग्णाला हृदयविकाराचे उपचार सुरू होतात आणि फुप्फुसाकडे लक्षच जात नाही. छातीचा एक्स-रे बराचसा स्वच्छ, तरी ऑक्सिजन कमी आणि पाय सुजलेला, असं असेल तर डॉक्टरांनी थबकलं पाहिजे.

ही शंका इको बऱ्याच अंशी मिटवतो. एरवी उजवा कप्पा डाव्यापेक्षा लहान दिसतो. या बाईंचा तो डाव्याहून मोठा झाला आहे, त्याची मधली भिंत जेमतेम हलते आहे आणि टोक मात्र जोरात आकुंचन पावतं आहे. ट्रोपोनिन वाढलंय, म्हणजे ताणलेल्या स्नायूला इजाही होऊ लागली आहे. इको आणि ट्रोपोनिन दोन्ही बिघडलेले, रक्तदाब मात्र शाबूत. अशा रुग्णाला मध्यम-उच्च जोखमीचा म्हणतात, आणि सगळा पेच इथेच आहे.

नेमक्या अशाच हजारावर रुग्णांवर युरोपात ‘पायथो’ नावाची चाचणी झाली. तिचे निकाल २०१४ मध्ये आले. निम्म्यांना हेपारिनसोबत टेनेक्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारं औषध दिलं, बाकीच्यांना फक्त हेपारिन. सात दिवसांत मृत्यू किंवा रक्ताभिसरण कोसळणं हे फक्त हेपारिनच्या गटात ५.६ टक्क्यांत घडलं, विरघळवणाऱ्या औषधाच्या गटात २.६ टक्क्यांत. पण मेंदूत रक्तस्राव होऊन आलेला झटका ०.२ वरून २ टक्क्यांवर गेला. मृत्यूंत ठोस फरक दिसला नाही. माझ्या मते या आकड्यांपुढे ‘सगळ्यांनाच देऊन टाका’ म्हणणं टिकत नाही.

म्हणून बाईंना आधी हेपारिन सुरू होतं. ते गुठळी विरघळवत नाही, वाढू देत नाही. विरघळवण्याचं काम शरीर स्वतः हळूहळू करतं. त्यांना आयसीयूत ठेवलं जातं, कारण पहिले दोन-तीन दिवस नाजूक असतात. नाडी चढत जाते का, लघवी कमी होते का, रक्तातलं लॅक्टेट वाढतं का, हे बघत राहायचं. सलाइनच्या बाटल्यांवर बाटल्या चढवणं मात्र घातक, कारण आधीच फुगलेला कप्पा आणखी ताणला जातो.

सहा तासांनी नाडी १३६ होते, हातपाय गार पडतात, रक्तदाब ८२ वर येतो आणि पाऊण तास तिथेच राहतो. आता गणित बदललं. वरचा रक्तदाब ९० खाली पंधरा मिनिटांहून अधिक राहिला, की रुग्ण उच्च जोखमीचा ठरतो, आणि विरघळवण्याचा फायदा रक्तस्रावाच्या भीतीपेक्षा मोठा होतो. अल्टेप्लेज १०० मिलिग्रॅम दोन तासांत शिरेतून दिलं जातं.

त्याआधी डॉक्टर घरच्यांना घाईघाईत काही प्रश्न विचारतात: पूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला होता का, अलीकडे पक्षाघात, डोक्याला मार किंवा मोठी शस्त्रक्रिया झाली का, कुठून रक्त जातंय का. बाईंचा पाय बिनशस्त्रक्रियेचा, नुसत्या प्लास्टरमध्ये होता, म्हणून औषध देता आलं. त्याच पायावर गेल्याच आठवड्यात मोठं ऑपरेशन झालं असतं, तर मांडीतल्या शिरेतून नळी घालून गुठळी ओढून काढण्याचा किंवा हृदय-शल्यचिकित्सकाला बोलावण्याचा विचार आधी झाला असता.